मार्चच्या बिलातली तारीख

माझ्या आतेबहिणीने २०२५ च्या ३१ जानेवारीला मुलासाठी सराव-प्रश्नपत्रिकांचं एक अ‍ॅप घेतलं. महिन्याला तीनशे रुपये, पैसे आपोआप कापले जाणार. परीक्षा मार्चअखेर संपणार होती, म्हणून तिने तेव्हाच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ३० मार्चच्या चौकोनात लिहून ठेवलं, ‘अ‍ॅप बंद करणे’. फेब्रुवारीचे पैसे २८ तारखेला कापले गेले. फेब्रुवारीत ३१ तारीख नसतेच, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण २८ मार्चला पुन्हा तीनशे रुपये गेले. तिच्या हिशोबाने अजून तीन दिवस बाकी होते.

तिने फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमची बिलिंग डेट २८ आहे.”

“अहो, मी ३१ तारखेला सुरू केलं होतं.”

“हो मॅडम, पण सिस्टिममध्ये २८ दाखवतंय.”

दोघीही खरं बोलत होत्या. सदस्यत्व ३१ लाच सुरू झालं होतं आणि सिस्टिममध्ये आता २८ हीच तारीख होती. मधल्या काळात ३१ चं काय झालं, हे मात्र दोघींपैकी कुणालाच सांगता येईना.

दुधाचा महिना आणि अ‍ॅपचा महिना

आपल्या घरांत महिन्याचा हिशोब पूर्वापार कॅलेंडरला बांधलेला. दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडायचे, महिना संपला की लिटर मोजायचे आणि एक-दोन तारखेला दूधवाल्याला पैसे द्यायचे. पेपरवाल्याचंही तसंच. मधेच १७ तारखेला दूध सुरू केलं, तर पहिल्या महिन्यात उरलेल्या दिवसांचेच पैसे द्यायचे. पुढच्या महिन्यापासून आपण सगळ्यांच्या रांगेत. या पद्धतीत महिना २८ दिवसांचा आहे की ३१, याने काही अडत नाही. महिना संपतो तेव्हा हिशोब होतो, एवढंच.

अ‍ॅप, चित्रपट-मालिकांचे मंच, फोनमधली जास्तीची साठवण अशा बहुतेक सेवांत दुसरी पद्धत चालते. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाचा महिना वेगळा. तुम्ही ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशी तुमच्या नावाचा एक खुंटा रोवला जातो आणि पुढची सगळी बिलं त्या खुंट्याला बांधली जातात. या धंद्यातले लोक त्याला ‘अँकर डेट’ म्हणतात. १७ तारखेला सुरू केलंत, तर दर १७ ला पैसे. कंपनीच्या दृष्टीने ही सोय मोठी असते. पहिल्याच दिवशी पूर्ण महिन्याचे पैसे हातात येतात, अर्ध्या महिन्याचा हिशोब करावा लागत नाही आणि सगळ्या गिऱ्हाइकांची गर्दी एक तारखेला होत नाही.

१ ते २८ यांपैकी कुठलीही तारीख असेल, तर ही पद्धत बिनबोभाट चालते, कारण या अठ्ठावीस तारखा प्रत्येक महिन्यात असतात. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीसाठी बरेचदा १ ते २८ मधलीच तारीख निवडू देतात, त्यामागे हेच गणित आहे. अडचण २९, ३० आणि ३१ या तीन तारखांची. ३१ तारीख वर्षातल्या सातच महिन्यांत येते. उरलेल्या पाच महिन्यांत तुमचा खुंटा ज्या जागी असायला हवा, तिथे जमीनच नसते.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं

३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर कुठली तारीख येते? प्रश्न शाळेतल्या बेरजेसारखा वाटतो. पण ‘महिना’ हे ठरलेलं माप नाही. दिवस, आठवडा यांची लांबी ठरलेली असते. महिन्याची नसते. म्हणून उत्तर सापडत नाही, ते ठरवावं लागतं आणि प्रत्येक प्रणाली लिहिणाऱ्याने ते आपापल्या परीने ठरवलेलं असतं.

पहिली रीत मूळ तारीख लक्षात ठेवते. ३१ जानेवारी हा खुंटा कायम. महिन्यात ३१ असेल तर ३१ ला बिल, नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी. मग बिलं अशी येतात: २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे. तारीख पुढेमागे हलताना दिसते, पण ती दरवेळी आपल्या जागी परत येते.

दुसरी रीत मूळ तारीख विसरते आणि फक्त मागचं बिल पाहते. जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी. मग २८ फेब्रुवारीत एक महिना मिळवायचा, म्हणजे २८ मार्च. त्यानंतर २८ एप्रिल, २८ मे, असं कायमचं. फेब्रुवारीच्या अरुंद दारातून जाताना तारीख एकदा आखडली, ती पुन्हा ३१ होत नाही. माझ्या आतेबहिणीच्या बाबतीत हेच घडलं.

तिसरी रीत त्याहून विचित्र. तिच्या लेखी ३१ फेब्रुवारी म्हणजे २८ फेब्रुवारी आणि वर तीन दिवस, म्हणजेच ३ मार्च. फेब्रुवारीत बिलच येत नाही. काही प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये तारखेत महिना मिळवला की असंच उत्तर येतं. लिहिणाऱ्याने लक्ष दिलं नाही, तर ते थेट बिलात उतरतं.

हे सगळं घरच्या एक्सेलमध्ये पाहता येतं. पुढची चार सूत्रं चार चौकोनांत टाका आणि चौकोनांना तारखेचं रूप द्या:

```
=EDATE(DATE(2025,1,31),1)
=EDATE(DATE(2025,1,31),2)
=EDATE(EDATE(DATE(2025,1,31),1),1)
=DATE(2025,2,31)
```

पहिल्याचं उत्तर २८ फेब्रुवारी. दुसऱ्यात ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले आहेत, उत्तर ३१ मार्च. तिसऱ्यात आधी एक महिना मिळवला आणि आलेल्या उत्तरात पुन्हा एक, उत्तर २८ मार्च. चौथ्यात सरळ ३१ फेब्रुवारी लिहिली आहे. एक्सेल तक्रार न करता ३ मार्च दाखवतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रातला फरक नीट पाहण्यासारखा आहे. एक अधिक एक बरोबर दोन, हा नियम महिन्यांच्या बेरजेला लागू पडत नाही. दोन महिने एकदम मिळवले की एक तारीख येते, एकेक करून मिळवले की दुसरी.

पैशाचं नुकसान यात फारसं नसतं. दुसऱ्या रीतीत वर्षभरात बाराच बिलं येतात, फक्त चक्र तीन दिवस अलीकडे सरकतं आणि तेही एकदाच. तीनशे रुपये महिना असेल तर तीस रुपयांचा फरक. खरा फटका बसतो तो आपल्या डोक्यातली तारीख आणि यंत्रातली तारीख वेगळी झाल्यामुळे. तीन दिवसांच्या फरकापायी आतेबहिणीचा अख्खा महिना वाया गेला.

आपलं सदस्यत्व कुठल्या रीतीने चालतं, हे फेब्रुवारीच्या बिलावरून कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या रीतीत ते २८ लाच येतं. कळतं ते मार्चच्या बिलावरून. मार्चमध्ये ३१ ला पैसे गेले, तर मूळ खुंटा शाबूत आहे. २८ ला गेले, तर तारीख कायमची सरकली. फेब्रुवारी कोरडा जाऊन ३ मार्चला गेले, तर तिसरी रीत. ज्यांचं सदस्यत्व ३१ मार्चला किंवा ३१ मे ला सुरू होतं, त्यांना हीच परीक्षा लगेच पुढच्या दोन महिन्यांत घेता येते. पुढच्या ३० तारखेच्या महिन्यानंतर जो ३१ दिवसांचा महिना येईल, त्याचं बिल पाहायचं.

वार्षिक सदस्यत्वात हा पेच फक्त २९ फेब्रुवारीला पडतो. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे साल लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांची दुसरी २९ फेब्रुवारी थेट १९०४ मध्ये आली. २९ फेब्रुवारी २०२४ ला वर्षाचं सदस्यत्व घेतलेल्या माणसाचं बिल २०२५, २०२६ आणि २०२७ मध्ये २८ ला येऊ शकतं. २०२८ मध्ये ते २९ वर परत येईल की २८ वरच राहील, हे पुन्हा यंत्राच्या स्मरणशक्तीवर अवलंबून.

मोबाइलचा २८ दिवसांचा ‘महिना’

महिन्याच्या लांबीची ही कटकट टाळायचा एक मार्ग म्हणजे महिना सोडून दिवस मोजणं. प्रीपेड मोबाइलच्या २८ दिवसांच्या पॅकमध्ये तेच होतं. १ जानेवारीला रिचार्ज केलं, तर पुढचं २९ जानेवारीला, त्यापुढचं २६ फेब्रुवारीला. दिवस मोजायला सोपे, पण तारीख सतत मागे सरकते आणि २८ दिवसांचे तेरा तुकडे मिळून ३६४ दिवस भरत असल्याने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात.

यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांच्या मुदतीचे पॅक ठेवावेत आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारेही ठेवावेत, असं त्यात म्हटलं. तारीख त्या महिन्यात नसेल तर काय करायचं, हेही आदेशात आहे: महिन्याच्या शेवटच्या दिवशी नूतनीकरण करायचं. बाकीच्या सेवांत हे कंपनीच्या अटींत शोधावं लागतं. नेटफ्लिक्सच्या अटींत, सदस्यत्व ज्या तारखेला सुरू झालं ती एखाद्या महिन्यात नसेल तर पैसे घेण्याची तारीख बदलू शकते, असं वाक्य आहे. अनेक अटींमध्ये तेवढंही नसतं.

‘एक महिना मोफत’ आणि ‘३० दिवस मोफत’ या दोन जाहिरातींतला फरकही इथेच लपलेला आहे. ३१ जानेवारी २०२५ ला ३० दिवसांची मोफत मुदत सुरू झाली, तर ती २ मार्चला संपते. एक महिन्याची असेल, तर २८ फेब्रुवारीलाच. दोन दिवसांचा फरक आणि त्या दोन दिवसांतच लोक ‘उद्या बंद करू’ म्हणत असतात.

रात्री दोन वाजताची खरेदी

आता असं उदाहरण घेऊ, ज्यात ३१ तारीख कुठेच नाही आणि तरीही तारीख सरकते. समजा, कुणी १ मार्च २०२५ ला रात्री दोन वाजता एखादी वेबमालिका पाहण्यासाठी सदस्यत्व घेतलं. त्याच्या डोक्यात ‘एक तारीख’ पक्की बसली. आणि पुढचे पैसे कापले गेले २९ मार्चला.

परदेशी कंपन्यांची बिलिंगयंत्रणा बरेचदा भारतीय वेळेवर चालत नाही. ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि ही वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे. आपल्याकडे १ मार्चची रात्र दोनवर आली होती, तेव्हा यूटीसीच्या घड्याळात २८ फेब्रुवारीचे रात्रीचे साडेआठ वाजले होते. यंत्राने खुंटा रोवला २८ तारखेवर. पुढचं बिल २८ मार्चला यूटीसी साडेआठ वाजता, म्हणजे आपल्याकडे २९ मार्चला रात्री दोन वाजता. एरवी वेळेच्या या फरकाने फार तर एका दिवसाचा घोळ होतो. पण महिन्याच्या सांध्यावर तो वाढतो, कारण २८ फेब्रुवारी आणि १ मार्च या शेजारच्या तारखा असल्या, तरी २८ मार्च आणि १ एप्रिल शेजारच्या नाहीत.

शेवटचा दिवस म्हणजे नेमका कुठला?

मुदतीचा शेवटचा दिवस कुठला, यावरून माणसं कोर्टात गेलेली आहेत. इंग्लंडमधला ‘डॉड्स विरुद्ध वॉकर’ हा खटला त्यासाठी प्रसिद्ध आहे. घरमालकाने ३० सप्टेंबर १९७८ ला भाडेकरूला नोटीस दिली. भाडेकरूने नव्या भाडेपट्ट्यासाठी चार महिन्यांच्या आत कोर्टात अर्ज करायचा होता. त्याने विचार केला, ३० सप्टेंबर म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस, तेव्हा चार महिने जानेवारीच्या शेवटच्या दिवशी संपतील. त्याने ३१ जानेवारी १९७९ ला अर्ज केला. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की अर्ज एक दिवस उशिरा आला. मुदत त्याच आकड्याच्या तारखेला संपते, म्हणजे ३० जानेवारीला. महिन्याचा शेवट शेवटाशी जुळवायचा नाही, तारखेचा आकडा आकड्याशी जुळवायचा. फक्त तो आकडा त्या महिन्यात नसेल, तरच शेवटचा दिवस धरायचा.

बिलाच्या पहिल्या रीतीमागचा नियम हाच. पण एक मोठा फरक आहे आणि लोक नेमके तिथे फसतात. कायद्याच्या मोजणीत नोटिशीचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्याच आकड्याची तारीख हा मुदतीतला शेवटचा दिवस ठरतो. डॉड्सला ३० जानेवारी हा दिवस पूर्ण उपलब्ध होता. सदस्यत्वात मोजणी पैसे भरले त्या क्षणापासून सुरू होते. त्यामुळे त्याच आकड्याची तारीख हा जुन्या मुदतीचा शेवट नसून नव्या मुदतीची सुरुवात असते. त्या दिवशी पैसे कापले जातात. तेव्हा बिलाची तारीख ही बंद करण्याची शेवटची तारीख कधीच समजू नये.

एक दिवस आधी बंद केलं तर? तेही काठावरचं. अ‍ॅपलच्या अटींत नूतनीकरणाच्या किमान एक दिवस आधी सदस्यत्व रद्द करायला सांगितलेलं असतं, कारण मुदत संपण्याआधीच्या २४ तासांत पैसे कापले जाऊ शकतात. यात वेळेच्या फरकाचे साडेपाच तास मिळवले, की आदला दिवसही हातचा जातो. म्हणून बिलाच्या तारखेतून दोन दिवस वजा करावेत. आतेबहिणीच्या बाबतीत बिल २८ मार्चला होतं, म्हणजे निर्धास्तपणे बंद करायचा शेवटचा दिवस २६ मार्च. तिने कॅलेंडरवर लिहिली होती ३० मार्च. तीन दिवस फेब्रुवारीने खाल्ले. आणि ३१ ला बिल आलं असतं, तरी ३० ही तारीख काठावरचीच होती.

भारतात आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये चौकट घालून दिली आणि ऑक्टोबर २०२१ पासून ती काटेकोरपणे लागू झाली. त्यानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. त्या सूचनेत कुणाला, किती आणि कधी पैसे जाणार हे असतं आणि तो एक व्यवहार किंवा पूर्ण मॅन्डेट नाकारण्याची सोय असते. आपल्या डोक्यात ३१ असो, अटींत काहीही लिहिलेलं असो, खरी तारीख या मेसेजमध्ये असते.

मात्र मॅन्डेट रद्द करणं आणि सदस्यत्व रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅन्डेट रद्द केल्याने पैसे जायचे थांबतात, पण कंपनीच्या वहीत तुम्ही अजून गिऱ्हाईकच असता. त्यामुळे दोन्ही करावं, आधी सदस्यत्व आणि मग मॅन्डेट. फोनमधून अ‍ॅप काढून टाकल्याने यातलं काहीच होत नाही. आणि बंद करायचं मनाशी पक्कं झालं असेल, तर शेवटच्या दिवसाची वाट पाहायचं कारण सहसा नसतं. बहुतेक सेवा आज रद्द केल्या, तरी भरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहतात. अपवाद काही मोफत मुदतींचा. त्या रद्द करताच बंद पडतात. रद्द करण्याच्या पडद्यावर सेवा अमुक तारखेपर्यंत चालू राहील असं वाक्य येतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण यंत्राने धरलेली तारीख त्यात छापील स्वरूपात मिळते.

तारीख मधेच बदलण्याची आणखी दोन कारणं असतात. मोठा प्लॅन घेतला, की काही सेवा त्या दिवशी नवा खुंटा रोवतात. खात्यात शिल्लक नसल्याने पैसे कापले गेले नाहीत आणि चार दिवसांनी कापले गेले, तर काही कंपन्या जुनीच तारीख धरतात आणि काही नवी. असं काही घडल्यावर खात्याच्या पानावर जाऊन पुढच्या बिलाची तारीख नव्याने पाहून घ्यावी.

हे सगळं कळल्यावर आतेबहिणीने फोनमधले जुने मेसेज चाळले. २७ मार्चला सकाळी बँकेचा मेसेज आला होता. रक्कम होती, २८ तारीख होती, नाकारायची लिंकही होती. लॉटरी आणि कर्जाच्या मेसेजांच्या गर्दीत तिने तो वाचलाच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. मुलाने मात्र तो फुकट गेलेला एप्रिल सत्कारणी लावून पुढच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, असं ती सांगते. मुलगा तसं सांगत नाही.

अलीकडे महिनाअखेरीला मी तिच्याकडे गेलो होतो. मुलाला गाण्याचं कुठलंसं अ‍ॅप हवं होतं आणि ते लगेच हवं होतं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ३१ तारीख होती. “आज नको,” ती म्हणाली, “उद्या घेऊ.” आणि तो खोलीकडे वळल्यावर मागून ओरडली, “उजाडल्यावर हं! रात्री दोनला नाही.”